भावाच्या वाट्याला किती टक्के जोखीम?

अकोल्याच्या एमआयडीसीतली एक दालमिल डोळ्यांसमोर आणा. दोन भाऊ, दोघांचे निम्मे-निम्मे शेअर, कंपनी प्रायव्हेट लिमिटेड. थोरला पहाटेपासून बाजार समितीत, हर्राशीत मूठभर तूर तळव्यावर पसरून दाणा पाहणार. धाकटा ऑफिसात, बँक, जीएसटी आणि डाळीची विक्री सांभाळणार. मुलं मोठी झाली, धाकट्याला पुण्याला जायचं आहे. भांडण नाही. तो एवढंच म्हणतो, "मिल तूच चालव दादा, पण माया हिश्श्याचा हिशेब बरोबर लाव." थोरल्याचं उत्तरही खोटं नाही, "उद्या मी आडवा पडलो त तूर कोन घेईन?"

मिल काल्पनिक आहे, पण असे दोन भाऊ वऱ्हाडात कोणत्याही व्यापारी गल्लीत सापडतील. दोघांनी आपापला मूल्यांकक आणला. कर भरून, मशिनरीची झीज भरून काढून, हंगामात अडकणारा पैसा वजा करून मालकांच्या हाती पुढच्या वर्षी १ कोटी रुपये राहतील आणि ते वर्षाला ५ टक्क्यांनी वाढत जातील, यावर दोन्ही मूल्यांककांचं एकमत झालं. तरी धाकट्याच्या माणसानं निम्म्या हिश्श्याची किंमत ३ कोटी ७० लाख काढली आणि थोरल्याच्या माणसानं २ कोटी ५ लाख. नफा एकच असताना १ कोटी ६५ लाखांचा हा फरक वटावाच्या दरातून आला.

वटाव हा शब्द आपल्या व्यापाऱ्यांना नवा नाही. तीन महिन्यांनी पिकणारी हुंडी आज वटवायची तर काही रक्कम कापून घ्यावी लागते, आणि हुंडी लिहून देणारा जितका कच्चा तितकी कपात मोठी. धंद्याची किंमत म्हणजे पुढच्या सगळ्या वर्षांच्या मिळकतीच्या हुंड्या आज एकदम वटवणं. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला हा दर बाजार सुचवतो. भाव रोज छापून येतो आणि बाजाराबरोबर तो किती हलतो हे मोजता येतं. दालमिलच्या शेअरला भाव नाही. म्हणून मूल्यांकक दर बांधत जातो, पायावर एकेक थर चढवत.

पाया सरकारी रोख्याचा. दहा वर्षांच्या रोख्यावरचा परतावा गेल्या काही वर्षांत साधारण ६ ते ७.५ टक्क्यांच्या पट्ट्यात राहिला आहे, आपण ६.५ धरू. पैसा रोख्यात न ठेवता शेअरमध्ये घालणाऱ्याला जास्तीचं काही हवं, ते आपल्याकडे बहुतेक जण ७-८ टक्के धरतात, ७ घेऊ. झाले १३.५. मग कंपनी लहान असल्याचे ३ टक्के, बेरीज १६.५. इथपर्यंत दोघा मूल्यांककांचे आकडे सारखे आहेत. शेवटचा थर 'या कंपनीपुरती जोखीम' असा. धाकट्याच्या मूल्यांककानं तिथे २ टक्के लिहिले, दर १८.५ झाला. थोरल्याच्या मूल्यांककानं ८ लिहिले, दर २४.५ झाला, आणि शेअर सहज विकता येत नाहीत म्हणून शेवटच्या किमतीतून आणखी २० टक्के कापले. दरातून वाढीचे ५ टक्के वजा करायचे आणि उरलेल्यानं १ कोटीला भागायचं: १३.५ टक्क्यांनी भागलं तर संपूर्ण मिल ७ कोटी ४१ लाखांची, १९.५ नं भागलं तर ५ कोटी १३ लाखांची आणि कपातीनंतर ४ कोटी १० लाखांची.

हा शेवटचा थर मुळात असावा की नसावा, इथेच जाणकारांत दोन तट आहेत. पुस्तकी मत असं की एकट्या कंपनीची जोखीम मोजायचीच नाही. ज्यानं पन्नास कंपन्यांत पैसा वाटून ठेवला आहे त्याच्या एका कंपनीला आग लागली तर दुसरीला बरकत येते. अशा जोखमीचा मोबदला बाजार देत नाही. तर्क पक्का आहे. पण दालमिल विकत घेणारा पन्नास ठिकाणी पैसा ठेवणारा नसतो. त्याचं घर बँकेकडे गहाण असतं, कॅश क्रेडिटला त्याची वैयक्तिक हमी असते आणि मुलीच्या लग्नाचा पैसाही त्याच गोदामातल्या तुरीत असतो. पुस्तकातला १३.५ टक्क्यांचा दर त्याला सांगून पाहा. ओळखीच्या मिलला बिनतारण पैसा शेकडा सव्वा रुपया महिन्यानं देणारे बाजारात भेटतात. म्हणजे वर्षाला १५ टक्के, तेही मुद्दल परत मिळण्याच्या बोलीवर. सावकाराला १५ मिळत असतील तर सगळ्यांचं देणं फिटल्यावर जे उरेल ते घेणाऱ्या मालकाला १३.५ कसे पुरतील? थर चढवण्याच्या बाजूनं माझ्या मते हा सर्वांत मजबूत पुरावा आहे. तो कुठल्याही परदेशी तक्त्यातून आलेला नाही, अकोल्याच्या बाजारात तपासून पाहता येतो. दर १५ च्या वरच असणार, ही खालची हद्द त्यातून पक्की होते.

लहान कंपनीच्या थराबद्दल मात्र मी जरा साशंक आहे. त्याचा उगम रोल्फ बान्झ यांच्या १९८१ च्या अभ्यासात. न्यू यॉर्क शेअर बाजाराच्या १९३६ ते १९७५ या काळातल्या आकड्यांत लहान कंपन्यांनी जोखमीच्या मानानं जास्त परतावा दिल्याचं त्यांना दिसलं. पुढे तिथे त्याचे तक्ते निघाले आणि आपल्याकडच्या कित्येक अहवालांत त्यातला आकडा जसाच्या तसा उतरतो. त्या तक्त्यातली 'सर्वांत लहान' कंपनीही आपल्या मिलच्या कितीतरी पट मोठी असते, आणि १९८१ नंतर हा जादा परतावा बराचसा विरला, असं अश्वथ दामोदरन यांच्यासारखे अभ्यासक बजावतात. मी ३ टक्के ठेवतो, पण न्यू यॉर्कच्या आधारानं नाही. सव्वा रुपया शेकड्याच्या वर मालकाला थोडं तरी सुटलं पाहिजे, एवढाच माझा आधार.

आता ते ८ टक्के. थोरल्याच्या अहवालात त्यांची फोड दिली आहे, हे चांगलं. फोडच न देणारे अहवाल मी बरेच पाहिले आहेत. खरेदी एकाच माणसावर अवलंबून म्हणून ३. एकच घाऊक व्यापारी ४० टक्के डाळ उचलतो म्हणून २. सरकारी धोरणाचे २. एकाच जागी मिल, आग लागली तर काय, म्हणून १.

आगीचा एक टक्का आधी काढून टाकू. मिलचा आणि साठ्याचा विमा आहे, त्याचा हप्ता दरवर्षी खर्चात पडतो, म्हणजे आगीची भीती १ कोटीच्या आकड्यात आधीच कापली गेली आहे. तीच भीती दरात पुन्हा घालणं म्हणजे एकाच पोत्याचं वजन दोनदा करणं. या पद्धतीतली सर्वांत मोठी गफलत हीच, आणि ती बहुधा न कळत होते. ओळखायची खूण सोपी आहे: दरातली प्रत्येक भीती घ्यायची आणि नफ्याच्या कागदावर तिचा खर्च कुठे सापडतो का ते बघायचं.

तीच खूण थोरल्याच्या तळव्याला लावून पाहू. तो आजवर नाममात्र पगार घेत होता. मूल्यांककांनी त्याच्या जागी पगारी खरेदीदार ठेवायचा तर वर्षाला १२ लाख लागतील असं धरून ते खर्चात घातले. हे बरोबरच झालं, कारण मालक फुकट राबतो म्हणून दिसणारा नफा हा धंद्याचा नफा नसतो. कराचा भाग वगळता वर्षाचे ९ लाख गेले. १८.५ टक्क्यांच्या हिशेबातसुद्धा त्यामुळे मिलची किंमत ६७ लाखांनी उतरली. थोरला आडवा पडल्याची जी काही किंमत आहे तिचा बराच भाग असा आधीच चुकता झाला. उरतं ते एवढंच की नव्या माणसाला ओलसर तूर ओळखायला दोन हंगाम लागतील आणि आडत्यांची उधारी थोरल्याच्या शब्दावर आहे. ३ चा १ करावा, त्याहून जास्त मला पटत नाही.

घाऊक व्यापाऱ्याचं प्रकरण नाजूक आहे. तो सुटला तर नवं गिऱ्हाईक बसेपर्यंत दोन वर्षं दरसाल ३० लाखांची खोट येईल असं धरू. सुटण्याची शक्यता पाचात एक धरली तर सरासरी तोटा होतो १२ लाखांचा. पण दरात २ टक्के वाढवले की किंमत ९६ लाखांनी उतरते. १२ लाखांच्या भीतीला ९६ लाखांची कपात कशी? कारण दर एका वर्षापुरता लागत नाही, तो शेवटच्या वर्षापर्यंत दरवर्षी लागत राहतो. ते २ टक्के मान्य करणं म्हणजे हा व्यापारी दर पाच वर्षांनी एकदा सुटणार आणि मिल त्यातून कधीच काही शिकणार नाही, असं मान्य करणं. सरासरी १२ लाखांची ती खोट कायमची धरली तर जवळपास ९० लाख होतात. एखाद्या मिलच्या बाबतीत ते खरंही असेल. पण एकदाच येणारं आणि निस्तरता येणारं संकट असेल तर ते मिळकतीच्या आकड्यात, ज्या वर्षी येईल त्या वर्षात धरावं. इथे संबंध जुना आहे पण लेखी करार नाही, म्हणून मी १ टक्का ठेवीन.

सरकारी धोरणाची जोखीम खरी आहे आणि डाळवाल्यांना ती कोणी समजावून सांगायला नको. २ जून २०२३ ला केंद्रानं तूर आणि उडदावर साठामर्यादा लावली: मिलला मागच्या तीन महिन्यांचं उत्पादन किंवा वार्षिक क्षमतेच्या २५ टक्के, यातलं जे जास्त असेल तेवढाच साठा. २१ जून २०२४ ला तूर आणि हरभऱ्यावर तसाच आदेश पुन्हा आला. जानेवारी ते मार्चच्या आवकेत वर्षभराची तूर भरून ठेवणं हाच ज्यांचा धंदा, त्यांचा हात त्या दिवशी बांधला जातो. त्यात म्यानमार आणि आफ्रिकेतली तूर शुल्काविना येते, तेव्हा गोदामातल्या मालाचा भाव आपल्या हातात राहत नाही. तरीही २ टक्के जास्त वाटतात. मिळकतीचा १ कोटीचा आकडा पाच वर्षांच्या सरासरीवरून काढला आहे, त्यात आदेशांची वर्षंही आहेत. वाईट वर्षाचा तोटा सरासरीत आलाच. आला नाही तो फक्त अनिश्चिततेचा धसका, आणि तो अकोल्याच्या सगळ्या मिलना सारखाच आहे. १ टक्का.

तर माझ्या हिशेबानं ८ चे ३ राहतात आणि दर १९.५. संपूर्ण मिल ६ कोटी ९० लाखांची, धाकट्याचा हिस्सा ३ कोटी ४५ लाखांचा. धाकट्याच्या बाजूच्या आकड्याकडे मी जास्त झुकलो हे खरं. पण त्याचे २ टक्केही मला पटले नाहीत, कारण त्यानं सरकारी धोरणाला शून्य दिलं होतं.

अर्धा-एक टक्का इकडे किंवा तिकडे, यावर कोणी छातीठोकपणे बोलू नये. १८.५ चे १९.५ केले की सबंध मिलची किंमत ५१ लाखांनी हलते. म्हणून प्रत्येक टक्क्यासमोर रुपये लिहायला लावावेत. 'जोखीम १ टक्का' हे वाचताना काही वाटत नाही. 'या कारणासाठी ५१ लाख कापले' असं लिहिलं की लिहिणाराही दोनदा विचार करतो.

आता ती शेवटची २० टक्के कपात. शेअर विकायला बाजार नाही, हे म्हणणं खोटं नाही. तिऱ्हाईत माणूस निम्मा हिस्सा घ्यायला आला तर तो नक्की घासाघीस करील, आणि भाऊ-भाऊ असले म्हणून थोरल्याला तरी तो हिस्सा उद्या सहज विकता येणार आहे का, हा प्रश्नही रास्त आहे. पण इथे गिऱ्हाईक समोर बसलेलं आहे, आणि व्यवहार झाल्यावर त्याच्या हाती अर्ध्याऐवजी पूर्ण मिल येते, जी विकायला अर्ध्यापेक्षा सोपी. शिवाय लहान कंपनीच्या ३ टक्क्यांत न खपण्याची भीती काही अंशी आलेलीच आहे. घरातल्या वाटणीत ही कपात नसावी. हाच हिस्सा उद्या परक्याला विकायला काढला तर मी वेगळं सांगेन.

दर बांधण्याऐवजी तो सरकारनं ठरवून दिला तर? आपल्याकडे ते करून झालं आहे. भांडवल निर्गम नियंत्रकाच्या १९९० च्या मार्गदर्शक सूचनांत कारखान्यांसाठी १५ टक्के, व्यापारी कंपन्यांसाठी २० आणि अधल्यामधल्यांसाठी १७.५ असे दर छापलेले होते. करोत्तर सरासरी नफ्याला त्या टक्क्यांनी भागायचं, की झालं. वादच नाही, फक्त तूर भरडणारा कारखानदार की व्यापारी, एवढं ठरवलं की पुरे. ते नियंत्रण १९९२ मध्ये गेलं. गंमत अशी की आपल्या १९.५ मधून वाढीचे ५ वजा केले तर १४.५ उरतात, म्हणजे जुन्या १५ च्या अगदी शेजारी. याला मी फार अर्थ देत नाही. तो नफ्याला लागणारा दर, हा हाती उरणाऱ्या पैशाला, आणि काळही वेगळा. पण जुना १५ टक्के हा वाढ वजा करून उरलेला दर होता, हे विसरून आजच्या अहवालात 'पूर्वी तर १५ च होते' असं म्हणत वटावाचा दर १५ लिहिणारे भेटतात. मग वाढ पुन्हा वजा होते आणि किंमत दीडपट फुगते.

अमरावतीकडच्या जिनिंगवाल्यांना मात्र यातलं काहीच न लागण्याचा संभव आहे. जुन्या जिनिंगच्या जागा आता गावाच्या पोटात आल्या आहेत. चार महिने रुई निघते, आठ महिने कुलूप, आणि प्लॉटचा भाव धंद्याच्या कोणत्याही किमतीच्या वर गेलेला. तिथे १९.५ की २४.५ हा वाद घालण्यात वेळ जाईल. कुसुमबेन महादेविया प्रकरणात १९८० साली सर्वोच्च न्यायालयानं चालत्या कंपनीचे शेअर साधारणपणे नफ्यावरून मोजावेत, मोडीचा हिशेब कंपनी गुंडाळण्याच्या अवस्थेत असेल तेव्हाचा, असं म्हटलं होतं. जिनिंग चालती आहे की जागा विकायची वाट पाहत बसली आहे, हे आधी भावांनी एकमेकांना खरं सांगावं लागतं.

शेतीच्या वाटण्यांत एक रीत आहे: एकानं वाटे पाडायचे, दुसऱ्यानं आधी उचलायचा. थोरल्याला मी तेच विचारीन. २ कोटी ५ लाखांना तू घेतोस, तर त्याच भावात तुझा अर्धा हिस्सा धाकट्याला देशील का? नाही म्हणाला तर त्याचे ८ टक्के त्यानंच खोडले. धाकट्यालाही ३ कोटी ७० लाखांबाबत तोच प्रश्न.

आणि दोघं मधल्या आकड्यावर आले की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात, नेमकं तेव्हाच सर्वांत मोठी रक्कम निसटते. ३ कोटी ४५ लाख ठरले, थोरला म्हणाला पाच वर्षांत देतो, वर्षाअखेर ६९ लाखांचा हप्ता, भावाभावात व्याज कसलं. १० टक्के व्याजाच्या हिशेबानं त्या हप्त्यांची आजची किंमत २ कोटी ६२ लाख होते. ८३ लाख गेले, तेही कोणी एक टक्का न वाढवता. कंपनीऐवजी भागीदारी फर्म असती आणि करार वेगळं काही सांगत नसता, तर १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम ३७ निघून गेलेल्या भागीदाराला हिशेब चुकता होईपर्यंत नफ्यातला वाटा किंवा ६ टक्के व्याज मागू देतं. कंपनीच्या शेअरविक्रीत असं आपोआप काही मिळत नाही. म्हणून मूल्यांककाच्या अहवालावर सही करण्याआधी विक्रीच्या करारात हप्त्यांच्या तारखा आणि त्यांवरचं व्याज लिहून घ्या.